सूत्र ऐकताना अर्थ बदलतो तेव्हा: व्याख्यानाची टिपणे स्क्रीन रीडरसाठी तयार करताना वारंवार येणारा बिघाड

इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी गेली काही वर्षे संख्याशास्त्राच्या व्याख्यानांची टिपणे दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी तयार होत आहेत. ती स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या साधनावर, ऐकली जातात. टिपणे मराठीत असतात, ऐकणारे मराठी घरांतले असतात, पण त्यांच्यापैकी बहुतेकांचे शालेय गणित हिंदी माध्यमातून झालेले असते. इतक्या टिपणांवर काम केल्यानंतर एक गोष्ट नक्की सांगता येते: वाक्ये क्वचितच बिघडतात, बिघडते ते सूत्र, आणि ते दर वेळी जवळजवळ एकाच पद्धतीने बिघडते.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे ऐकणाऱ्याला वजाचिन्ह ऐकूच येत नाही. कागदावर x − y असते आणि कानावर नुसते «एक्स वाय» पडते, म्हणजे वजाबाकीचा गुणाकार होतो. दुसरे लक्षण म्हणजे कंस गळतात. तिसरे, «विशेषत:» किंवा «स्वत:» यांसारख्या साध्या शब्दाशी आवाज अडखळतो किंवा मध्येच थांबतो. चौथे, मराठी मजकुरातले आकडे अचानक हिंदीत ऐकू येतात. पाचवे, सूत्राच्या जागी केवळ शांतता असते किंवा «चित्र» एवढाच शब्द येतो.

सहावे लक्षण सर्वांत फसवे आहे. सगळे शब्द व्यवस्थित ऐकू येतात, विद्यार्थी सूत्र समजले असे सांगतो, आणि तरीही त्याचे उत्तर चुकते. खाली तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे दिल्या आहेत. पहिल्या चार तपासण्यांना पैसा लागत नाही आणि फारसा वेळही लागत नाही. पाचवी मात्र सावकाश करावी लागते.

१. आवाज मराठीच आहे का?

इंदूरमध्ये ही तपासणी सर्वप्रथम करावी. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जात असल्याने लिपी पाहून यंत्राला भाषा ठरवता येत नाही, आणि इथले बहुतेक फोन व संगणक हिंदीवर बसवलेले असतात. त्यामुळे मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जातो आणि तो साधारण समजतही असल्याने कोणी तक्रार करीत नाही. हे तपासण्यासाठी एका ओळीत «२५ ज्ञान» एवढेच लिहून ऐकावे. «पच्चीस ग्यान» ऐकू आले तर आवाज हिंदी आहे आणि «पंचवीस द्न्यान» ऐकू आले तर मराठी.

फोनवर हा बदल मजकूर वाचून दाखवण्याच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडून होतो. वर्डच्या फाइलमध्ये सगळा मजकूर निवडून त्याची भाषा मराठी अशी नोंदवावी लागते, आणि वेबपानासाठी सुरुवातीला ही एक ओळ पुरते:

```
<html lang="mr">
```

ही नोंद महत्त्वाची आहे, कारण स्क्रीन रीडर दस्तऐवजात नोंदलेल्या भाषेप्रमाणे आवाज बदलू शकतो. फाइलवर हिंदी अशी नोंद राहिली असेल, तर ऐकणाऱ्याने आपल्याकडे मराठी आवाज बसवूनही उपयोग होत नाही.

२. चिन्हे वाचण्याची पातळी किती आहे?

आमच्याकडे संगणकावर बहुतेक जण एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरतात. त्यात विरामचिन्हे आणि इतर चिन्हे किती वाचायची याच्या पातळ्या आहेत आणि `NVDA+P` या कळांनी त्या बदलता येतात. मुळात ठेवलेल्या पातळीवर अधिकचिन्ह आणि बरोबरचे चिन्ह वाचले जाते, पण कंस आणि कळफलकावरची साधी आडवी रेघ वाचली जात नाही. यामागे कारण आहे: गोष्ट किंवा बातमी ऐकताना प्रत्येक कंस आणि प्रत्येक जोडरेघ ऐकावी लागली तर माणूस कंटाळून जाईल. गणितात मात्र नेमकी हीच दोन चिन्हे अर्थ ठरवतात. एखाद्या आकड्याला चिकटून असलेले वजाचिन्ह, उदाहरणार्थ -20, बहुधा वाचले जाते, म्हणून पहिल्या चाचणीत सगळे ठीक वाटते. दोन अक्षरांच्या मधले वजाचिन्ह मात्र गळते.

पातळी वाढवून पाहावी, म्हणजे बिघाड इथेच आहे की नाही हे लगेच कळते. पण हा कायमचा उपाय समजू नये. पातळी पूर्ण वाढवली की प्रत्येक स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हही कानावर आदळते. शिवाय मजकुराची ध्वनिफीत करून व्हॉट्सॲपवर पाठवली, तर ऐकणाऱ्याच्या हातात असली कोणतीही पातळी उरत नाही. म्हणून अर्थ ठरवणारे चिन्ह मजकुरातच शब्दाने लिहिलेले असावे.

३. दिसायला सारखी, पण आतून वेगळी चिन्हे

डोळ्यांना जी आडवी रेघ एकच दिसते, ती संगणकाच्या लेखी किमान तीन वेगवेगळी चिन्हे असते: कळफलकावरची जोडरेघ, छपाईतली थोडी लांब रेघ आणि खरे वजाचिन्ह. वर्डमध्ये शब्द, जागा, जोडरेघ, जागा, शब्द असे टंकले की वर्ड आपणहून जोडरेघेची लांब रेघ करतो, आणि लांब रेघ म्हणजे वाक्यातला विराम असे आवाज समजतो. कोणती रेघ आहे हे पाहायचे असेल तर वर्डमध्ये तेवढेच चिन्ह निवडून `Alt+X` दाबावे. जोडरेघेसाठी 002D, लांब रेघेसाठी 2013 आणि वजाचिन्हासाठी 2212 असा क्रमांक दिसतो. पाहून झाल्यावर `Ctrl+Z` करावे, नाहीतर तो क्रमांक मजकुरातच राहतो; माझ्या हातून हे झालेले आहे.

मराठीत याहून जास्त त्रास विसर्गाचा होतो. घाईत किंवा सवयीने अनेक जण विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह टंकतात. «विशेषत:» आणि «विशेषतः» हे दोन शब्द छापील पानावर सारखेच दिसतात, पण पहिल्यात आवाजाला शब्द तुटल्याचा भास होतो. व्याख्यानाच्या भाषेत साधारणतः, स्वतः, पूर्णतः, अंशतः असे शब्द भरपूर येतात, त्यामुळे दर दोन ओळींना एक ठेच लागते. शोधा आणि बदला या सोयीत «त:» शोधून «तः» करावे, मात्र सरसकट न बदलता एकेक पाहून बदलावे, कारण «पुढील बाबत:» असा खरा अपूर्णविरामही कुठे असू शकतो. «दु:ख» आणि «नि:संशय» यांसाठी वेगळा शोध घ्यावा लागतो.

४. सूत्र मजकूर आहे की चित्र?

बाणाच्या कळीने कर्सर सूत्रावरून अक्षराअक्षराने पुढे न्यावा. कर्सर एका उडीत सूत्र ओलांडून गेला, तर ते चित्र आहे किंवा समीकरणांच्या खास चौकटीत बसवलेले आहे. चित्रात वाचण्यासारखे काहीच नसते. चौकटीतले समीकरण काही संगणकांवर उत्तम वाचले जाते आणि काहींवर अजिबात नाही. ते ऐकणाऱ्याच्या यंत्रणेवर अवलंबून असते. ऐकणाऱ्याकडे कोणती यंत्रणा आहे हे माहीत नसेल, तर चौकट राहू द्यावी आणि तिच्याखालच्या ओळीत तेच सूत्र शब्दांत लिहावे. चौकट काढून टाकू नये, कारण तीच फाइल पाहणारे विद्यार्थीही वापरतात.

५. सूत्र शब्दांत लिहिणे: इथेच खरी चूक होते

आता सहाव्या लक्षणाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी मी प्रमाण विचलनाचे टिपण तयार केले. उदाहरण एका पोह्यांच्या गाडीचे घेतले होते: पाच दिवसांत विकल्या गेलेल्या प्लेट अनुक्रमे ४०, ५०, ६०, ७० आणि ८०. सूत्र असे:

```
σ = √( Σ(x − x̄)² / n )
```

वर सांगितलेल्या चारही तपासण्या मी केल्या होत्या. सगळी चिन्हे काढून सूत्र शब्दांत लिहिले होते, ते असे: «सिग्मा बरोबर वर्गमूळ सिग्मा एक्स वजा एक्स बार वर्ग भागिले एन». दोन दिवसांनी माझ्या विद्यार्थिनीचा फोन आला.

«सर, उत्तर सहा पॉइंट तीन दोन येतंय, आणि माझ्या मैत्रिणीचं शून्य येतंय. तुमच्या टिपणात चौदा पॉइंट एक चार आहे. कुणाचं बरोबर?»

बरोबर उत्तर १४.१४ हेच होते, पण त्या दोघींनी ऐकलेल्या सूत्राप्रमाणे त्यांचीही उत्तरे बरोबर होती. सरासरी ६०. फरक −२०, −१०, ०, १० आणि २०. त्यांचे वर्ग ४००, १००, ०, १००, ४०० आणि वर्गांची बेरीज १०००. एकीने वर्गमूळ फक्त बेरजेपुरते धरले: १००० चे वर्गमूळ ३१.६२, त्याला ५ ने भागून ६.३२. दुसरीने आधी फरकांची बेरीज केली आणि मग तिचा वर्ग केला. सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज नेहमीच शून्य येते, म्हणून तिचे उत्तर शून्य. वास्तविक १००० ला ५ ने भागून २०० येतात आणि त्याचे वर्गमूळ १४.१४.

कागदावर वर्गमूळाची छत कुठपर्यंत पसरली आहे, कंस कुठे मिटतो आणि भागाकाराची रेघ किती लांब आहे हे डोळा एका नजरेत पाहतो. माझ्या वाक्यातून चिन्हे गेली होती, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या हद्दीही गेल्या होत्या. तेव्हापासून मी हद्द सांगणारी प्रत्येक गोष्ट दोनदा लिहितो, एकदा सुरू होताना आणि एकदा पूर्ण होताना:

```
प्रमाण विचलन बरोबर,
वर्गमूळ सुरू,
अपूर्णांक सुरू, अंशात,
बेरीज, कंस सुरू, एक्स वजा एक्स बार, कंस पूर्ण, या कंसाचा वर्ग,
छेदात, एन,
अपूर्णांक पूर्ण,
वर्गमूळ पूर्ण.
```

ही रीत माझी नाही. अब्राहम नेमेथ या अंध अमेरिकी गणितज्ञाने गणित मोठ्याने वाचून दाखवणाऱ्यांसाठी अशीच सुरू-समाप्तीची शिस्त घालून दिली होती. आपल्या पुण्यात गणित शिकलेले, स्वतः दृष्टिहीन असलेले टी. व्ही. रमण यांनी १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील आपल्या पीएच.डी.च्या संशोधनात याच्याही पुढचा मार्ग दाखवला: त्यांच्या प्रणालीत घातांक आला की आवाजाची पट्टीच चढत असे. साध्या फोनवरच्या आवाजाकडून ती अपेक्षा करता येत नाही, म्हणून आपल्याला शब्दांवरच भिस्त ठेवावी लागते.

मराठीची एक खास अडचण इथे लक्षात घ्यावी. सहज मराठीत आपण «एक्स आणि एक्स बार यांच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला एन ने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ» असे म्हणू. हे वाक्य शुद्ध आहे, पण वर्गमूळ हा शब्द त्यात सर्वांत शेवटी येतो, म्हणजे ऐकणाऱ्याने सगळे डोक्यात धरून ठेवायचे आणि शेवटी त्याला कळायचे की आरंभच वर्गमूळाने होतो. परीक्षेत लेखनिकाला सूत्र सांगताना क्रम कागदावरचाच लागतो. म्हणून मी दोन्ही रूपे देतो. आधी कृती साध्या वाक्यांत: प्रत्येक संख्येतून सरासरी वजा करा, प्रत्येक फरकाचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा, बेरजेला एकूण संख्येने भागा, आलेल्या भागाकाराचे वर्गमूळ काढा. त्यानंतर वरचे सूत्र, लेखनिकाला जसेच्या तसे सांगता येईल अशा क्रमाने. पहिल्या रूपाने समज येते आणि दुसऱ्याने लिहिता येते; एक देऊन दुसऱ्याचे काम भागत नाही.

शब्दांची निवड करताना तीन ठिकाणी जपावे. या सूत्रातला मोठा सिग्मा आणि लहान सिग्मा कानाला एकच ऐकू येतात, म्हणून मोठ्याला «बेरीज» आणि लहानाला «प्रमाण विचलन» म्हणावे, आणि परीक्षेत ते लहान सिग्माने लिहितात हे एकदा सांगून ठेवावे. दुसरे, संख्याशास्त्रात «वर्ग» या शब्दाला दोन अर्थ आहेत: स्क्वेअर आणि वारंवारता सारणीतला गट. «वर्ग पाच» ऐकून गोंधळ होतो. म्हणून पहिल्यासाठी नेहमी «-चा वर्ग» असे लिहावे आणि दुसऱ्यासाठी «गट» किंवा «वर्गांतर» वापरावे. तिसरे, एन आणि एम ही अक्षरे यांत्रिक आवाजात सारखी वाटतात, त्यामुळे पहिल्या उल्लेखाला «एन, म्हणजे एकूण संख्या» असे जोडून द्यावे.

इंदूरच्या मुलांसाठी चौथी गोष्ट: टिपणाच्या अगदी सुरुवातीला शब्दांची ओळख करून द्यावी. छेद म्हणजे शाळेत «हर» म्हणत होतो तो, कंस म्हणजे «कोष्ठक», प्रमाण विचलन म्हणजे «मानक विचलन». चार ओळींचे काम आहे, पण ते केले नाही तर मराठी चांगली येणारा मुलगाही «छेदात» या शब्दाशी थबकतो. दशांश चिन्हाच्या बाबतीत मी शुद्धतेचा आग्रह सोडून दिला आहे. १४.१४ मधला टिंब काही आवाज वाक्याचा शेवट समजतात, म्हणून मी «चौदा पॉइंट एक चार» असे अक्षरांत लिहितो, कारण मुले बोलतातही तसेच.

मांडणीबद्दल एकच सूचना. वर दाखवल्याप्रमाणे प्रत्येक टप्पा वेगळ्या ओळीवर ठेवावा. ऐकणारा बाणाच्या कळीने एकेक ओळ मागे-पुढे जातो. सगळे सूत्र एकाच लांब ओळीत असेल, तर एक शब्द निसटला म्हणून त्याला सारे सूत्र पुन्हा ऐकावे लागते.

६. उलट तपासणी

स्वतः तयार केलेले टिपण स्वतः ऐकून चूक सापडत नाही, कारण सूत्र आपल्याला आधीच माहीत असते आणि मन गाळलेल्या जागा भरून काढते. त्यासाठी मूळ सूत्र न पाहिलेल्या कोणालातरी फक्त आवाज ऐकवावा आणि त्याने ऐकून कागदावर सूत्र लिहावे. आमच्या घरी हे काम बारावीतल्या पुतणीकडे असते. तिने लिहिलेले सूत्र आणि मूळ सूत्र यांत कंसाचाही फरक असला, तर ती ओळ पुन्हा लिहायची. त्याबरोबर एक छोटे गणित आकड्यांसह सोडवायला द्यावे. आकडे असे निवडावेत की चुकीच्या हद्दीने उत्तर बदलेल. सगळे फरक शून्य असलेले उदाहरण घेतले, तर चुकीच्या वाचनानेही उत्तर शून्यच येईल आणि काहीच कळणार नाही.

कुठे थांबावे

टिपण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर आवाज निरर्थक इंग्रजी अक्षरे वाचतो. रूपांतराची साधने मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात आणि त्या सूत्राजवळ असल्या तर धोकादायक ठरतात. दोन-तीन पाने असतील तर मी सरळ पुन्हा टंकतो. पूर्ण पुस्तक असेल तर ते काम व्यावसायिक टंकलेखकाकडे द्यावे.

सूत्राची हद्द तुम्हाला स्वतःलाच कळत नसेल, उदाहरणार्थ हस्तलिखितातली वर्गमूळाची छत नेमकी कुठे संपते हे दिसत नसेल, तर अंदाज करू नये आणि विषय शिकवणाऱ्याला विचारावे. चार-पाच ओळींच्या सिद्धता, सारणिक, आलेख आणि मोठ्या सारण्या शब्दांत लिहिता येतात, पण ऐकणाऱ्याला त्या लक्षात ठेवता येत नाहीत; सुरू-पूर्णच्या तीनाहून अधिक जोड्या एकात एक अडकल्या की मी हात वर करतो. तिथे ब्रेल गणित जाणणारा विशेष शिक्षक किंवा समीकरणे मॅथएमएल या गणित लिहिण्याच्या संगणकीय भाषेत बसवून देणारा जाणकार लागतो, आणि आलेखासाठी बोटांनी चाचपता येणारी उठावाची आकृती.

प्रश्नपत्रिका मात्र कितीही सोपी दिसली तरी आपण स्वतः शब्दांत लिहू नये. «या कंसाचा वर्ग» हे शब्द टिपणात मदत असतात, प्रश्नपत्रिकेत ते उत्तराचा इशारा ठरू शकतात, आणि तो इशारा कितपत चालतो हे परीक्षा विभागाने लेखी ठरवून द्यायचे असते.